अर्ध्या हळकुंडाचा आलेख

एका प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात पडद्यावर तो आलेख आला आणि खोलीत हशा पिकला. तुम्हीही तो पाहिला असेलच. आडव्या अक्षावर ज्ञान, उभ्या अक्षावर आत्मविश्वास. रेघ सुरुवातीलाच तडक आकाशात चढते आणि तिथे पाटी असते ‘मूर्खपणाचं शिखर’. मग ती कोसळते ती थेट ‘निराशेच्या दरीत’, आणि तिथून शहाणपणाचा सावकाश चढ सुरू होतो. दुपारची वेळ, अंधारलेली खोली, प्रोजेक्टरची एकसुरी घरघर. निम्मी माणसं पेंगत होती. वक्त्याने शिखरावर लाल ठिपका रोखून विचारलं, “असा कोणी आठवतोय का?” आणि सगळे एकदम जागे झाले. काही माना वळल्या, बहुतेक एकाच दिशेला. तिथे आमच्याकडे नव्यानेच आलेला एक मुलगा बसला होता. चर्चेत जरा जास्त बोलणारा, प्रत्येक गोष्टीला ‘हे तर सोपं आहे’ म्हणणारा. तोही हसला, पण इतरांपेक्षा किंचित उशिरा. उरलेल्या वेळात त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

मला त्याचं गप्प होणं टोचत राहिलं. तो फाजील आत्मविश्वासाचा होता का? असेलही. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी विज्ञानाची पावती लागत नाही. पण इथे पावती म्हणून एक आलेख दाखवला गेला होता, आणि आलेख म्हटला की कोणीतरी काहीतरी मोजलेलं असावं असं आपण गृहीत धरतो. त्या रेघेवरचे ठिपके कुठून आले? कोणाचं ज्ञान मोजलं, कशाने मोजलं? हा आलेख ‘डनिंग-क्रूगर परिणाम’ म्हणून ज्यांच्या नावावर सांगितला जातो, त्या मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा १९९९ सालचा मूळ शोधनिबंध म्हणून मी काढून वाचला.

तो आलेख त्यात नाही.

शिखर नाही, दरी नाही, चढही नाही. तो डोंगर इंटरनेटवर नंतर कधीतरी उगवला आणि त्याच्यावर या दोन संशोधकांची नावं चिकटली. मूळ निबंधातली चित्रं अगदी साधी आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना चाचण्या दिल्या: विनोदाची जाण, तर्क, इंग्रजी व्याकरण. मग प्रत्येकाला विचारलं की शंभर जणांत तू कितव्या पायरीवर असशील, म्हणजे तुझ्या मागे किती जण असतील. गुणांप्रमाणे विद्यार्थ्यांचे चार गट पाडले, तळाचा पाव, त्यावरचा, त्याच्याही वरचा आणि सर्वांत वरचा, आणि प्रत्येक गटाची खरी पायरी आणि अंदाजातली पायरी अशा दोन रेघा काढल्या. खरी पायरी दाखवणारी रेघ अर्थातच तिरकी वर चढते. अंदाजाची रेघ जवळजवळ आडवी पडून राहते. तळाच्या गटाची खरी पायरी सरासरी १२वी आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज मात्र ६२वी. सर्वांत वरचे उलट स्वतःला थोडं कमी लेखतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अंदाजाची ती रेघ आडवी असली तरी डावीकडून उजवीकडे जराशी चढतेच. तळाचा माणूस स्वतःला तज्ज्ञापेक्षा भारी समजतो असं या आकड्यांत कुठेच दिसत नाही. तो स्वतःला मधल्यापेक्षा थोडा बरा समजतो, इतकंच. आणि मधल्यापेक्षा थोडं बरं तर जवळजवळ सगळेच स्वतःला समजतात.

विनोदाच्या चाचणीची एक गंमत सांगायलाच हवी. तीस विनोद निवडले होते आणि ‘बरोबर उत्तर’ ठरवायला व्यावसायिक विनोदी कलाकारांकडून त्यांना गुण देऊन घेतले होते. त्यातल्या एकाचे गुण बाकीच्यांशी जुळेचनात, म्हणून त्याला वगळलं. मला त्या वगळलेल्या माणसाबद्दल उगाच आपुलकी वाटते. पण एकूण विचार करता विनोदाच्या चाचणीवर फार भार टाकू नये हेच बरं. निबंधाच्या सुरुवातीला लिंबाचा रस तोंडाला चोळून बँक लुटायला गेलेल्या माणसाचा किस्सा आहे. तो इतक्यांदा सांगितला गेलाय की त्यालाही आता विश्रांती द्यावी.

डनिंग-क्रूगर यांचा खरा दावा आकड्यांच्या पलीकडे होता, कारणाबद्दल होता. ज्याला एखादी गोष्ट येत नाही, त्याला ती येत नाही हे कळण्यासाठीही तेच कौशल्य लागतं, म्हणून त्याच्यावर दुहेरी ओझं. दावा इतका देखणा आहे की तो खरा असावाच असं वाटतं. आणि माझ्या अनुभवात, ज्या दाव्याबद्दल असं वाटतं त्याच्याजवळ जरा जास्त वेळ थांबावं.

मी एक रिकामी स्प्रेडशीट उघडली. तुम्हालाही हे दहा मिनिटांत करता येईल. चारशे ओळी घ्या. पहिल्या स्तंभात प्रत्येक माणसाची ‘खरी पायरी’ आणि दुसऱ्यात त्याचा ‘अंदाज’. दोन्हीकडे एकच सूत्र:

```
=RANDBETWEEN(1,100)
```

म्हणजे चारशे काल्पनिक माणसं, ज्यांच्या कौशल्याचा आणि अंदाजाचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. ही माणसं नाहीतच, त्यांना मन नाही, अहंकार नाही. आता सगळे आकडे कॉपी करून पुन्हा निव्वळ मूल्यं म्हणून चिकटवा, नाहीतर क्रम लावताना प्रत्येक वेळी ते नव्याने बदलतात आणि आपण चक्रावून जातो. मग पहिल्या स्तंभाप्रमाणे चढता क्रम लावा, शंभर-शंभरचे चार गट करा आणि सरासऱ्या काढा. खऱ्या पायऱ्या साधारण १३, ३८, ६३ आणि ८८ येतील. अंदाजांच्या सरासऱ्या चारही गटांत ५०च्या आसपास राहतील. दोन रेघा काढल्या की समोर तेच प्रसिद्ध चित्र: तळाच्या लोकांनी स्वतःला भरमसाट वर चढवलंय, वरच्यांनी नम्रपणे खाली आणलंय.

आता एक छोटा बदल. माणसं स्वतःला मधल्यापेक्षा बरी समजतात, म्हणून दुसऱ्या स्तंभातल्या अंदाजांना खालून जरा छाटू.

```
=RANDBETWEEN(30,100)
```

अंदाजांची सरासरी आता ६५च्या आसपास जाते. तळाचा गट खरा १३व्या पायरीवर आणि अंदाज ६५. कॉर्नेलचे आकडे होते १२ आणि ६२. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून नुसता बघत राहिलो. ज्या आकृतीवरून जगभर माणसं एकमेकांना मूर्ख म्हणतात, ती आकृती मूर्खपणाशिवायही निघते. एडवर्ड नूफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यादृच्छिक आकडे वापरून हेच दाखवलं. त्याच्याही बऱ्याच आधी, २००२ मध्ये, योआकिम क्रूगर आणि रॉस म्युलर यांनी (आडनाव जवळपास तेच, माणूस वेगळा) म्हटलं होतं की इथे दोनच साध्या गोष्टी काम करतायत: सरासरीकडे परतणं आणि स्वतःला मधल्यापेक्षा बरं समजणं.

सरासरीकडे परतणं म्हणजे काय, ते चाचणीच्या बाजूने पाहू. वीस प्रश्नांची चाचणी. एकाला एरवी बारा तरी येतात, पण आज प्रश्न नेमके न वाचलेल्या भागातले आले, दोन ठिकाणी घाई झाली आणि आठच बरोबर आले. तो तळाच्या गटात जाऊन पडला. त्याने स्वतःबद्दल ‘मी बरा आहे’ असं सांगितलं ते त्याच्या नेहमीच्या अनुभवावरून, आणि ते खरंही होतं. आपण मात्र त्याच्या नावापुढे लिहिलं: अकुशल आणि अनभिज्ञ. तळाच्या गटात नशीब रुसलेली अशी काही माणसं नेहमीच असतात आणि वरच्या गटात नशीब फळफळलेली. एकाच चाचणीवर गट पाडायचे आणि त्याच चाचणीशी अंदाज ताडून पाहायचा, म्हणजे हा दोष आत शिरणारच. तो काढायचा तर एका चाचणीवर गट पाडावेत आणि दुसऱ्या चाचणीशी तुलना करावी, किंवा चाचणी किती डळमळीत आहे त्याचा हिशेब वजा करावा. जॉइस एरलिंगर यांनी डनिंग-क्रूगर यांच्याबरोबर २००८ मध्ये हा हिशेब वजा करून पाहिला. खरी पायरी आणि अंदाज यांच्यातलं अंतर थोडं कमी झालं, पण मिटलं नाही. अचूक अंदाजाला शंभर डॉलरपर्यंत बक्षीस ठेवूनही तळाच्यांचा अंदाज सुधारला नाही. वादविवाद स्पर्धेत तळाचे संघ पाचांतल्या जवळजवळ चार फेऱ्या हरत होते आणि आपण निम्म्याहून जास्त जिंकतोय असं त्यांना वाटत होतं.

इथे एक मुद्दा आहे, जो ‘हा परिणाम म्हणजे निव्वळ आकड्यांचा खेळ’ असं उत्साहाने सांगणारे बहुतेकदा गाळतात. माझ्या स्प्रेडशीटमधल्या माणसांचे अंदाज त्यांच्या कौशल्याशी पूर्ण असंबद्ध होते. खऱ्या माणसांचं तसं असेल, तर तळाचा माणूस खरोखरच स्वतःला वर समजतोय, तो नुसता आकडेमोडीतून दिसणारा आभास नाही. तो चुकतोय हे खरंच आहे. यादृच्छिक आकडे फक्त इतकं सांगतात की त्याच्या चुकण्यासाठी खास त्याच्या डोक्यात काही वेगळं घडत असेल असं मानायची गरज नाही. वरचा आणि खालचा दोघंही सारखेच अंधारात असतील आणि दोघंही ‘मधल्यापेक्षा जरा बरा’ असं म्हणत असतील, तर खालचा जास्त चुकलेला दिसेल, कारण तो त्या ठरीव उत्तरापासून जास्त लांब उभा आहे.

मग उत्तरच बदललं तर?

हे कॅथरीन बर्सन, रिचर्ड लॅरिक आणि जोशुआ क्लेमन यांनी २००६ मध्ये करून पाहिलं आणि माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत चतुर प्रयोग आहे. त्यांनी कामं कठीण केली. इतकी कठीण, की जवळजवळ प्रत्येकाला वाटावं, आपलं काही खरं नाही. अशा वेळी माणसं स्वतःला मधल्यापेक्षा खाली लेखतात. सगळेच गोते खातायत हे त्यांना दिसत नाही, फक्त स्वतःचे गोते दिसतात. अंदाजाची आडवी रेघ पूर्णच्या पूर्ण खाली सरकली. आणि मग तळाचे लोक, जे खरंच तळाला होते, ते अचानक नेमके ठरले. सर्वांत जास्त चुकले ते वरचे. म्हणजे सोपं वाटणारं काम दिलं तर अडाणी आंधळे ठरतात आणि कठीण वाटणारं दिलं तर हुशार. माणसं तीच, डोळेही तेच. त्या पडद्यावरच्या शिखराला हा प्रयोग माहीत असता तर ते जरा वाकलं असतं.

इथवर येऊन मला वाटलं होतं की प्रकरण संपलं. पण मूळ निबंधातला शेवटचा, चौथा प्रयोग मला सोडत नव्हता, कारण त्यावर वरचा कुठलाच आक्षेप पुरता बसत नाही.

चार पत्ते समोर ठेवलेत. त्यांच्यावर दिसतंय: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय की मोडलाय हे तपासायला कुठले पत्ते उलटावे लागतील? उगाच एकही उलटायचा नाही. पीटर वेसन यांचं हे कोडं १९६०च्या दशकापासून मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतून फिरतंय आणि बहुतेक माणसं एकच उत्तर देतात: अ आणि ४. अ बरोबर आहे. ४ उलटून मात्र काही मिळत नाही, कारण मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सम संख्येमागे स्वरच असला पाहिजे असं कोणी म्हटलेलंच नाही. उलटायला हवा ७. त्याच्यामागे स्वर निघाला तर नियम तिथेच मोडला.

आता ‘अ आणि ४’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात क्षणभर डोकावून बघा. त्याला काही राहिल्यासारखं वाटत नाही. नियमात स्वर आणि सम आहेत, त्याने स्वर आणि सम उचलले, दार नीट लागल्याचा आवाज झाला. त्याला सांगितलं की पुन्हा तपास, तर तो तपासेल ते ‘असेल तर’ या शब्दांच्या त्याच समजुतीने, जिच्यामुळे चूक झाली. त्याच्याकडे दुसरी फूटपट्टी नाही. बरोबर उत्तर देणाऱ्यालाही आतून तसंच वाटतं. दोघांच्या खात्रीची चव एकच असते.

क्रूगर आणि डनिंग यांनी १४० विद्यार्थ्यांना अशी दहा कोडी दिली. आपली किती बरोबर आली असतील ते विचारलं. तळाच्या गटाचं जवळजवळ एकही बरोबर नव्हतं आणि त्यांना वाटत होतं, पाचेक तरी आली. मग निम्म्या विद्यार्थ्यांना तर्क तपासण्याचं छोटं प्रशिक्षण दिलं आणि उरलेल्यांना तेवढाच वेळ दुसरंच काही करायला दिलं. त्यानंतर सगळ्यांना त्यांचीच जुनी उत्तरपत्रिका परत देऊन पुन्हा मोजायला सांगितलं. प्रशिक्षण मिळालेल्या तळाच्या मुलांचा अंदाज पाचांवरून एकावर आला. न मिळालेल्यांचा हलला नाही. इथे शंभरातली पायरी नाही, सरळ किती बरोबर एवढाच प्रश्न आहे. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेत, आणि नशिबाचा दोष असलाच तर तो दोन्ही गटांत सारखा आहे. म्हणजे मापनाच्या धुक्यातूनही काहीतरी उरतं. थोडंसं येऊ लागलं आणि म्हणून आपल्याला येत नव्हतं हे दिसलं. एक प्रयोग, तळाच्या गटात मोजकीच मुलं, त्यामुळे याच्यावर मनोरा बांधू नये. पण माझ्या लेखी त्या निबंधातलं सर्वांत मोलाचं पान हेच.

याच्या शेजारी व्याकरणाच्या चाचणीचा एक उपप्रयोग ठेवून बघावा. काही आठवड्यांनी वरच्या आणि तळाच्या गटातल्यांना पुन्हा बोलावलं, इतर पाच जणांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या आणि मग स्वतःच्या पायरीचा अंदाज नव्याने विचारला. वरच्यांनी आपला अंदाज वाढवला: अरे, बाकीच्यांना एवढंही येत नाही? त्यांची चूक स्वतःबद्दलची नव्हती, जगाबद्दलची होती. मला जमतं म्हणजे सगळ्यांना जमत असणार, असं ते धरून चालले होते. तळाच्यांनी त्याच पत्रिका वाचल्या आणि त्यांच्या अंदाजात सुधारणा झाली नाही. चांगलं उत्तर समोर असूनही ते चांगलं म्हणून ओळखू आलं नाही.

मला यावरून बहिणीचा गाण्याचा क्लास आठवतो. मी बाहेर बाकावर बसून तिची वाट बघायचो. शिक्षिका नव्या मुलांकडून आधी गाऊन घ्यायच्याच नाहीत. त्या दोन स्वर लावायच्या, एक नेमका आणि एक केसभर उतरलेला, आणि विचारायच्या, “सारखे आहेत का?” ज्यांना फरक ऐकू यायचा नाही ती मुलं पुढे मोकळ्या गळ्याने, आनंदाने बेसूर गायची. पण काही मुलं अशीही होती ज्यांना फरक नेमका कळायचा आणि तरीही गळा साथ द्यायचा नाही. ती गाताना स्वतःच डोळे मिटून तोंड वाकडं करायची. त्यांच्यावर दुहेरी ओझं नव्हतं. उलट, एकच ओझं होतं आणि ते त्यांना चांगलंच जाणवत होतं. डनिंग-क्रूगर यांनी स्वतःच ही मर्यादा मान्य केली आहे: जिथे करणं आणि पारखणं एकाच कौशल्यातून येतं तिथेच त्यांचं म्हणणं लागू पडतं. तर्कात, भाषेत, निदानात. खेळात किंवा गळ्यात ते सुटं होऊ शकतं. उत्तम प्रशिक्षकाला स्वतः चेंडू मारता येत नसला तरी कोणाचा चुकला ते कळतं.

आणि ‘अर्ध्या हळकुंडाचं’ काय? त्या वक्त्याच्या डोंगरात एखादा खरा दगड आहे की नाही? आहे, एक. कार्मेन सांचेझ आणि डनिंग यांनी २०१८ मध्ये नवशिक्यांना काल्पनिक रोग्यांचं निदान करायला लावलं. रोगही काल्पनिक होता, झॉम्बी बनवणारा, म्हणजे कोणालाच आधीची माहिती नको. लक्षणं बघायची, निदान करायचं, बरोबर का चूक ते लगेच कळायचं, मग पुढचा रोगी, असे साठ. अगदी सुरुवातीला लोक सावध होते. आपल्याला काही कळत नाही हे त्यांना कळत होतं. पण मोजक्याच रोग्यांनंतर त्यांचा आत्मविश्वास उसळी मारून अचूकतेच्या कितीतरी पुढे निघून गेला. दोन-चार रोगी बघून त्यांनी मनात एक सिद्धांत बांधला होता, पुरेसा पुरावा नसताना, आणि त्या सिद्धांतावर त्यांचा जीव जडला होता. पुढे तो आत्मविश्वास संथावला. पण दरी? ती खोल निराशेची, नाट्यमय दरी काही आली नाही. शिवाय शून्यावर उभा असलेला माणूस शिखरावर नव्हताच. फसवी जागा शून्याच्या थोडी पुढे आहे, जिथे पहिलाच सिद्धांत तयार होतो. आमच्या त्या नव्या सहकाऱ्याचं ‘हे तर सोपं आहे’ कदाचित त्या जागेवरून आलेलं असेल. पण तसं ठरवायला कोणी त्याच्या अचूकतेचा आलेख ठेवला होता? त्याचं बोलणं फक्त आवाजावरून मोजलं गेलं होतं.

आज वाद कुठे येऊन ठेपलाय ते सांगायला एक साधी कसोटी पुरते. तळाच्या लोकांच्या डोक्यात खरंच काही वेगळं चालत असेल, तर त्यांचे अंदाज वरच्यांपेक्षा जास्त विखुरलेले असायला हवेत, किंवा कौशल्य आणि अंदाज यांची रेघ तळाशी वाकायला हवी. जिल्स गिन्याक आणि मार्चिन झायेन्कोव्स्की यांनी २०२० मध्ये ९२९ लोकांच्या बुद्धिमापनात हे शोधलं. रेघ सरळ होती आणि विखुरण्यातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्याच वर्षी रेचल जॅन्सन, ॲना रॅफर्टी आणि टॉम ग्रिफिथ्स यांनी व्याकरण आणि तर्काचे मूळ प्रयोग हजारो लोकांवर पुन्हा केले आणि त्यांना तळाशी काहीतरी सापडलं: कमी गुण मिळवणाऱ्यांना आपलं एकेक उत्तर बरोबर की चूक हे ओळखणं जास्त जड जात होतं. दोन्ही निष्कर्ष मला एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. एकाने विचारलं की ‘तू एकंदरीत किती हुशार’, आणि त्याचं उत्तर माणूस आयुष्यभराच्या शेऱ्यांवरून, निकालपत्रांवरून देतो. दुसऱ्याने हातातल्या चाचणीबद्दल विचारलं.

म्हणून मला आता एकंदर आकड्यात रस उरलेला नाही. कोणाला किती कळतं हे बघायचं असेल तर प्रत्येक उत्तरापुढे एक खूण मागावी: खात्री आहे, की शंका आहे. समजा दोन विद्यार्थी आहेत, वीस प्रश्न आहेत, दोघांचीही आठ उत्तरं बरोबर आहेत आणि दोघांनीही बारा उत्तरांपुढे ‘खात्री’ लिहिलंय. पहिल्याच्या त्या बारांपैकी सात बरोबर निघतात आणि शंकेच्या आठांपैकी एकच. दुसऱ्याच्या खात्रीच्या बारांपैकी पाच बरोबर, शंकेच्या आठांपैकी तीन. पहिला जरा जास्त आशावादी आहे खरा, पण कुठे पाय घसरतोय ते त्याला ठाऊक आहे; त्याची शंकेची खूण बघून शिकवणाऱ्याला नेमकं पान उघडता येतं. दुसऱ्याची खात्री आणि शंका यांत जवळजवळ फरकच नाही. त्याला ‘तू स्वतःला जास्त समजतोस’ असं सांगून काही होणार नाही, तो फक्त सगळीकडेच थोडा कमी खात्रीचा होईल, बरोबर उत्तरांबद्दलसुद्धा. त्याला हवंय ते चौथ्या प्रयोगातल्या मुलांना मिळालेलं प्रशिक्षण: उत्तर कसं तपासायचं ते. १९९९च्या त्या आलेखात मात्र हे दोघं एकाच ठिपक्यावर बसतात.